अंगातले तांबे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या माळ्यावरची तांब्याची भांडी खाली उतरतात. घंगाळ, दोन तपेली आणि आजीच्या वेळचा बंब. चिंच आणि मीठ लावून ती लख्ख करण्याचे काम यंदाही माझ्याकडेच आले. "दिवसभर दुसऱ्यांची पोटे दाबता, जरा घरचे घंगाळही दाबून घासा," असा सौ.चा हुकूम झाला आणि मी मुकाट्याने पाटावर बसलो. घंगाळाच्या काठावर सोनेरी तपकिरी झाक चढली होती. ती पाहताच मला सुधीरची आठवण झाली. (नाव अर्थातच खरे नाही.) ऐन फराळाच्या दिवसांत रोगाची गोष्ट सांगतो म्हणून रागावू नका. ही गोष्ट तांब्याची आहे आणि तिचा शेवट भाऊबीजेला होतो.

सुधीर बावीस वर्षांचा. घर डोंबिवलीला, शिक्षण पुण्याला, मुक्काम वसतिगृहात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याचे आईवडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. पायांवर सूज, डोळ्यांत किंचित पिवळेपणा, जेवणावर वासना नाही आणि दोन जिने चढले की दम. कुठे तरी 'लिव्हरचे टॉनिक' घेऊन तीन महिने गेले होते. सोनोग्राफीत यकृत खडबडीत आणि आक्रसलेले, प्लीहा वाढलेली. रक्तातल्या प्लेटलेट ब्याऐंशी हजार, म्हणजे हव्यात त्याच्या जवळजवळ निम्म्याच. साठीतल्या जुन्या मद्यप्याचे शोभावे असे ते यकृत होते.

आणि नेमका तोच संशय घरात शिरला होता. वडिलांनी मुलाला बाहेर बसवले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच विचारा त्याला. आम्हांला खरे सांगत नाही."

आई पदर सावरून म्हणाली, "तो पीत नाही हो, डॉक्टर. मी आई आहे त्याची."

मी सुधीरला एकट्याला आत घेतले. तो बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "काका, बाबांनी वसतिगृहात येऊन माझे कपाट उचकले. सगळ्या मुलांसमोर."

कावीळ 'बी' आणि 'सी' यांच्या तपासण्या कोऱ्या आल्या होत्या. मुलगा पीत नव्हता, याबद्दल मला त्याच्या चेहऱ्याकडे पाहून शंका उरली नव्हती. पण चेहरा म्हणजे पुरावा नव्हे. इतक्या लहान वयात, दारू नाही, विषाणू नाही आणि तरीही यकृत असे झिजलेले दिसले, की डॉक्टरने एक प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे: हे तांबे तर नसेल?

म्हणून मी त्याला कागद दिला आणि चार ओळी लिहायला सांगितल्या. अक्षरे बारीक, वेडीवाकडी, ओळ खाली घसरत गेलेली. आई चटकन म्हणाली, "अहो, दहावीला याला अक्षराचे बक्षीस मिळाले होते! वर्षभरात असे झाले आहे. आम्ही म्हटले, हल्ली सगळे टाइपच करतात." मी त्याला त्याच दुपारी आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. चिठ्ठीत एवढेच लिहिले, 'बुबुळाच्या कडेला कडे आहे काय?'

संध्याकाळी फोन आला. दोन्ही डोळ्यांत कडे होते. सोनेरी तपकिरी, आमच्या घंगाळाच्या काठासारखे. साध्या नजरेला ते बहुधा दिसत नाही, त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडचे स्लिट लॅम्प हे यंत्र लागते. कायसर आणि फ्लायशर या दोन जर्मन डॉक्टरांनी १९०२ आणि १९०३ साली या कड्याचे वर्णन केले. मूळ रोगाचे वर्णन १९१२ साली लंडनच्या किनियर विल्सन यांनी केले, म्हणून त्याला विल्सनचा आजार म्हणतात.

आता हे तांबे येते कुठून? आपल्या रोजच्या जेवणातूनच. धान्य, डाळी, दाणे यांतून आपण दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम तांबे खातो. शरीराला ते हवे असते, पण इतके नको असते. यकृत त्यातले थोडे एका प्रथिनात गुंफून रक्तात सोडते आणि उरलेले पित्तावाटे आतड्यात टाकून देते. घरात नळ चालू असतो आणि मोरीतून पाणी वाहून जात असते, तसाच हा प्रकार. विल्सनच्या आजारात नळ तुमच्या-आमच्यासारखाच असतो, मोरी मात्र जन्मापासून तुंबलेली असते. तांबे यकृतात साठते. ते वर्षानुवर्षे साठून यकृताला व्रण पडतात, आणि तिथे मावेनासे झाले की ते रक्तात उतरून मेंदूत आणि डोळ्यांत जाते. म्हणून मूल जन्मते ठणठणीत आणि रोग दिसू लागतो तो बहुधा पाच ते पस्तीस या वयात.

सुधीरच्या आईने लगेच विचारले, "मग आमच्या तांब्याच्या कळशीने केले का हे? रोज रात्री पाणी भरून ठेवते मी."

"नाही, वहिनी. कळशी निर्दोष आहे." निरोगी माणसाचे यकृत ते जादा तांबे टाकून देते. भांड्याने खरोखर घात केल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे, पण ते वेगळे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात तापवलेले दूध तान्ह्या मुलांना पाजल्याने त्यांची यकृते जात, असे पुण्यातल्या डॉक्टरांच्या १९८० नंतरच्या दशकातल्या अभ्यासांतून पुढे आले. घरोघर स्टील आले आणि तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला. सुधीरच्या बाबतीत मात्र नुसती कळशी माळ्यावर टाकून भागणार नव्हते. ती टाकायला मी सांगितलीच, शिवाय मगज, काळीज, शिंपल्या, सुका मेवा आणि चॉकलेट बंद केले. पण मोरी तुंबली असताना नुसता नळ बारीक करून किती दिवस निभणार?

निदान पक्के करायला दोन तपासण्या केल्या. रक्तातले ते तांबेवाहू प्रथिन, सेरुलोप्लाझमिन, निरोगी माणसात वीसच्या वर असते. सुधीरचे सात निघाले. दुसरी तपासणी चोवीस तासांच्या लघवीची. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी, प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवायची. "घरातला तांब्या वापरू नका हं," असे मी बजावले, तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदा सुधीर हसला. लघवीत चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असायला हवे होते. निघाले दोनशे ऐंशी.

पण या तपासण्या नेहमीच अशा सरळ बोलत नाहीत. ज्यांचे फक्त यकृत बिघडले आहे अशांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या डोळ्यांत कडे नसते. शरीरात कुठे दाह असला किंवा बाई गरोदर असली, तर ते प्रथिन वाढून खोटा दिलासा देते. म्हणून एका कोऱ्या अहवालावर 'विल्सन नाही' असे म्हणू नये. शंका उरलीच तर यकृताचा बारीक तुकडा काढून त्यातले तांबे मोजतात किंवा जनुकाची तपासणी करतात. हे जनुक १९९३ साली सापडले.

औषध आहे. इंग्रज डॉक्टर जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन पुढे आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. मोरी तुंबलेलीच राहते, पण घराला दुसरी वाट फुटते. मी थोड्या मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवली, कारण एकदम मोठी मात्रा दिली तर काहींच्या हातांचा कंप उलट वाढतो. गोळी जेवणाआधी एक तास रिकाम्या पोटी घ्यायची, सोबत बी-सहा जीवनसत्त्व, आणि रक्त व लघवी वरचेवर तपासायची. कारण हे औषध कधी मूत्रपिंडांना तर कधी रक्तपेशींना बाधते.

आणि ते जन्मभर घ्यायचे. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीला इतके बरे वाटले की तिने कुणालाही न सांगता गोळ्या सोडल्या. वर्षाच्या आत ती गर्द पिवळी होऊन आली आणि यकृत बदलण्यावाचून इलाज उरला नाही. नव्या यकृताची मोरी मोकळी असते, त्यामुळे रोग जातो. पण ते यकृत वेळेवर मिळावे लागते.

खरी लढाई यानंतर झाली. सुधीरला सतरा वर्षांची बहीण आहे, तिला नंदा म्हणू. मी म्हटले, "तिचीही तपासणी करा."

वडील ताडकन म्हणाले, "तिला काही झालेले नाही. उद्या लग्नाच्या वेळी कुणाला कळले तर?"

मी त्यांना समजावले. हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेले जनुक यावे लागते. दोघे स्वतः निरोगी राहतात, पण प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका असतो. ही दोघे मामे-आते भावंडे; एकाच आजोबांकडचे किंवा आजीकडचे जनुक दोघांत उतरले होते. आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. नवव्या दिवशी सुधीरच बहिणीला घेऊन आला.

नंदाच्या डोळ्यांत कडे नव्हते, तक्रार काही नव्हती. पण सेरुलोप्लाझमिन नऊ, लघवीतले तांबे वाढलेले, आणि भावात सापडलेला जनुकातला दोष तिच्यात दुहेरी. यकृत अजून चांगले होते. तिला जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या. जस्त आतड्यातच तांब्याला अडवते. ती आज कॉलेजात जाते आणि तिला कधी सूज येऊ नये अशी पुरी आशा आहे.

एक गोष्ट राहिली होती. नंदाला मामाच्या घरी द्यायचे, असे आईच्या मनात लहानपणापासून होते. मी कागदावर हिशेब मांडला. परक्या घरात असे जनुक बाळगणारा माणूस सुमारे नव्वदांत एक. तिथे नंदाच्या मुलाला धोका एकशेऐंशीत एक. मामाच्या मुलाशी लग्न झाले तर आठांत एक. आई त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. "दादाला मी सांगेन," एवढेच म्हणाली.

दोन वर्षांत सुधीरच्या पायांची सूज गेली, अक्षर पुष्कळसे सुधारले. यकृतावरचे व्रण सगळे जाणार नाहीत आणि सोनोग्राफी व दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागेल. पण तो नोकरीला लागला आहे. वडिलांनी त्याची क्षमा मागितली की नाही, मी विचारले नाही. हल्ली सकाळच्या गोळीचा गजर मात्र ते स्वतः लावतात.

गेल्या भाऊबीजेला त्यांनी मला फराळाला बोलावले होते. नंदाने भावाला ओवाळले, ताटे मांडली गेली आणि भाऊबहीण दोघेही घड्याळाकडे पाहत बसली. गोळी घेऊन अजून तास व्हायचा होता. चकल्यांचा वास सुटला होता. सुधीर म्हणाला, "काका, तुम्ही सुरू करा. आमची अजून वीस मिनिटे आहेत."

मीही वीस मिनिटे थांबलो.