सहा लाखांच्या तीन पावत्या

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याला ऊस गेला, बिल खात्यावर जमा झालं की शिल्लक रक्कम ठेवीत टाकायची, ही इकडची रीत चांगलीच. पण बहुतेक जण सगळी रक्कम एकाच पावतीत, एकाच मुदतीला टाकतात. मग मेअखेर पोरांच्या फिया आणि मागोमाग आडसाली लागण आली की ती पावती मोडावी लागते.

मोडल्याचा हिशेब असा. समजा, सहा लाख तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले आणि वर्षातच मोडले. बँक ७ टक्के देत नाही. वर्षाच्या मुदतीचा दर, समजा ६, धरते आणि त्यातूनही बहुधा एक टक्का कापते. हातात ५ टक्क्यांचे तीस हजार. गरज कदाचित लाखाचीच होती, तोटा सहा लाखांवर झाला.

म्हणून तीन पावत्या कराव्यात: तीन लाख एक वर्षाला ६ टक्क्यांनी, दोन लाख दोन वर्षांना साडेसहाने, एक लाख तीन वर्षांना सातने. तारखा अशा बेताने धराव्यात, की दर मे महिन्यात एक तरी पिकेल. आता एकूण दर किती पडला? तिन्ही दरांची सरासरी साडेसहा येते, आणि लोक तीच सांगत फिरतात. पण व्याज मोजा. अठरा हजार, तेरा हजार आणि सात हजार, म्हणजे वर्षाला अडतीस हजार. सहा लाखांवर हे ६.३३ टक्के होतात. जिथं रक्कम जास्त, तिथला दर एकूण दराला आपल्याकडे ओढतो. पावत्या समान रकमेच्या असत्या, तरच साधी सरासरी चालली असती.

हा दर कायमचाही नाही. वर्षाने तीन लाखांची पावती पिकली आणि त्या दिवशी तीन वर्षांचा दर साडेसहावर उतरलेला असला, तरी ते पैसे तीन वर्षांना टाकल्यावर व्याज साडेएकोणचाळीस हजार होतं, म्हणजे जवळपास ६.५८ टक्के. दर उतरतात, हे २०२५ मध्ये दिसलंच: फेब्रुवारी ते जून एवढ्यात रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला. अशा वेळी सगळी रक्कम एकदम कमी दरात जात नाही, एवढंच या पायऱ्यांचं काम. दर वाढले, तर तेवढाच फायदाही उशिरा मिळतो.

घोटाळा होतो तो आपोआप नूतनीकरणात. पावतीवर तशी सूचना असली, तर पिकलेली रक्कम बँक जुन्याच मुदतीला परत टाकते. वर्षाची पावती वर्षालाच फिरत राहते आणि तीन वर्षांची पायरी कधी उभीच राहत नाही. ठेव करताना अर्जावरचा तो रकाना वाचावा.

जाहिरातीतला ‘सरासरी परतावा’ही तपासून घ्यावा. सात टक्क्यांचं तिमाही चक्रवाढ व्याज पाच वर्षांत सुमारे साडेएक्केचाळीस टक्के होतं. त्याला पाचाने भागून ८.३ छापतात. ठेव मात्र ७ टक्क्यांचीच असते.

राहिला विमा. एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच्याच रकमेला संरक्षण आहे, शाखा कितीही असोत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाहीच. म्हणून सहा लाखांच्या या पावत्या दोन बँकांत वाटाव्यात.