मोफत डिलिव्हरीची सभासदता: आधी जुन्या ऑर्डरी मोजा

रमजान जवळ आला की फोनवर जाहिराती येऊ लागतात: तीन महिन्यांची सभासदता घ्या, डिलिव्हरी मोफत मिळवा. स्विगी वन आणि झोमॅटो गोल्ड ही अशा सभासदतेची परिचित नावे. पैसे भरण्यापूर्वी एक हिशेब मात्र घरीच करता येतो.

समजा, कोंढव्यातल्या एका कुटुंबाला 149 रुपयांत तीन महिन्यांची सभासदता मिळते आहे. अट अशी की ऑर्डर किमान 199 रुपयांची हवी, हॉटेल सात किलोमीटरच्या आत हवे आणि ते योजनेत सामील हवे. एरवी डिलिव्हरीचे सरासरी 35 रुपये पडतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला तिन्ही अटींत बसणाऱ्या निदान पाच ऑर्डरी व्हायला हव्यात.

आता अॅपमध्ये मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढून पाहा. या घरात नऊ निघाल्या. त्यांतल्या तीन एकट्या मुलाने मागवलेल्या, दीडशे-पावणेदोनशेच्या. दोन अशा हॉटेलच्या, जे स्वतःच्या माणसांकरवी जेवण पोहोचवते. अशी हॉटेले बहुधा योजनेबाहेर असतात. एक बिर्याणी कॅम्पापलीकडून, नऊ किलोमीटरवरून आलेली. उरल्या तीन. तीन गुणिले पस्तीस म्हणजे 105 रुपये. भरायचे होते 149. सौदा तोट्याचा.

‘छोटी ऑर्डर थोडी वाढवली तर?’ असे मनात येते. 175 रुपयांच्या ऑर्डरीत 40 रुपयांचे थंड पेय घातले, तर पाच टक्के जीएसटी धरून 42 रुपये जातात आणि वाचतात 35. पेय हवेच असेल तर ठीक. मोफतपणासाठी घेतले, तर ते पदरचे सात रुपये घालून घेतले.

किमान रक्कम पाहताना बिलाचा शेवटचा आकडा धरू नका. साधारणपणे त्यात फक्त पदार्थांची किंमत मोजतात. कर आणि पॅकिंगचा खर्च धरत नाहीत. अंतर पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घरून जवळ असलेले हॉटेल आजीच्या घरून मर्यादेबाहेर जाऊ शकते. एकाच नावाच्या दोन शाखा असतील, तर जवळची शाखा निवडा.

मोफत होते ती बिलातली डिलिव्हरीची एक ओळ. प्लॅटफॉर्म फी आणि पॅकिंगचे पैसे सभासदालाही द्यावे लागतात. पावसात जादा आकारही लागू शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी बिल उघडून पाहा. डिलिव्हरीचा आकडा खोडलेला नसेल, तर त्या ऑर्डरीला सवलत लागलेली नाही. वरच्या तीन अटींपैकी कोणती तरी मोडली आहे, ती तिथेच शोधा.