एकमत नाही, म्हणून मोकळीक?

सांगली-साताऱ्यात ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांनी देहविक्रय करणाऱ्या बायकांना बोलतं केलं. धाडी आणि सक्तीचं ‘पुनर्वसन’ यांवर त्या बोलत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी पोलिसांना या बायकांशी सन्मानाने वागण्यास बजावले, सापडलेले निरोध गुन्ह्याचा पुरावा धरू नका असेही सांगितले.

फ्रान्समधल्या अशाच २६१ जणांच्या पदरी मात्र निराशा आली. तिथे २०१६ पासून गिऱ्हाइकाला दंड होतो. त्यामुळे धंदा आडोशाला गेला, जोखीम वाढली, ही त्यांची तक्रार. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती एकमताने फेटाळली. या प्रश्नावर युरोपात एकवाक्यता नाही, सबब राज्याला निर्णयाची मोठी मोकळीक, असा तर्क होता. १९७६ च्या हँडीसाइड खटल्यापासून रुळलेलं हे तत्त्व स्थानिक परिस्थिती स्थानिक सरकारला अधिक कळते, असं मानतं.

ते अगदीच निराधार नाही. पण मोकळीक कुठे रुंद, कुठे अरुंद, हे आधी सांगता येत नाही. त्याहून गंभीर आक्षेप एकवाक्यतेवर आहे. बहुसंख्य देशांचं मत मोजून हक्काची रुंदी ठरणार असेल, तर नावडत्या अल्पसंख्याकांनी दाद मागायची कुणाकडे? आशियात तर असं प्रादेशिक न्यायालयही नाही. सांगलीच्या बाईला दिल्लीनंतर दार उरत नाही.