वायदा करार हा सट्टा नव्हे



भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतून ओतीव व यांत्रिक सुटे भाग परदेशी धाडणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंमध्ये असा समज दृढ झाला आहे की, तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरची हुंडणावळ बँकेशी आजच ठरवून टाकणे हा सट्टा, आणि काहीही न करता वाट पाहणे ही सावधगिरी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याने भाव बांधून घेतला नाही तोच, स्वतःच्या नकळत, रुपया घसरेल या भरवशावर आपला नफा पणाला लावून बसलेला असतो.

समजा, मागणी एक लाख डॉलरची आहे, आजचा हजर भाव ८५ रुपये आहे आणि रुपयावरील व्याज डॉलरवरील व्याजाहून सालिना २ टक्क्यांनी अधिक आहे. बँकेची कसर बाजूला ठेवली, तर तीन महिन्यांच्या वायद्याचा भाव सुमारे ८५ रुपये ४२ पैसे पडतो. हे ४२ पैसे म्हणजे रुपयाच्या भवितव्याचे भाकीत नव्हे. तो निव्वळ व्याजाचा फरक असून तो निर्यातदाराच्या पदरात पडतो. आता मुदतीच्या दिवशी भाव ८७ निघाला, की कारखान्यात दीड लाख बुडाल्याची हळहळ सुरू होते; पण मालाची किंमत सांगताना हे दीड लाख कोणी हिशेबात धरले होते? उलट तोच भाव ८३ वर आला असता, तर करार न करणाऱ्याचे २ लाख ४२ हजार गेले असते, आणि ज्याचा नफा पाच टक्के, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख, त्याच्या कमाईचा निम्म्याहून अधिक भाग त्यात आटला असता. २००७ साली सुमारे ४४ रुपयांचा डॉलर वर्षअखेरीस ४० च्या खाली आला, तेव्हा देशभरच्या निर्यातदारांना हा अनुभव आलेलाच आहे.

मात्र या करारात एक खरा धोका आहे, आणि तो बहुधा शेवटी ध्यानात येतो. करार डॉलर देण्याचा आहे. गिऱ्हाईकाने पैसे पाठवले नाहीत म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. विशाखापट्टणमला जहाज चुकले, दस्तऐवजांत खोट निघाली, पैसे लांबले, आणि त्या दिवशी भाव ८७ असला, तर करार मोडताना डॉलरमागे १ रुपया ५८ पैशांची तफावत, म्हणजे १ लाख ५८ हजार, आपल्याच खात्यातून वळती होते. यास्तव संपूर्ण रकमेचा करार एकाच तारखेवर करू नये. जे गिऱ्हाईक वक्तशीर आहे त्याच्याच रकमेचा करावा, आणि कागदावर एका दिवसाऐवजी महिन्याभराच्या अवधीत केव्हाही डॉलर देण्याची सोय मागून घ्यावी. भाव किंचित कमी मिळेल, पण तो मुकाट्याने पत्करावा. बँकांनीही हजर भाव, व्याजाचा फरक आणि स्वतःची कसर हे तीन आकडे लहान कारखानदाराला सही घेण्यापूर्वी वेगवेगळे दाखवावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, भिलाई