‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा अर्धाच सल्ला आहे

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका बँकेने सायबर जनजागृती कार्यक्रम घेतला. बॅनर, चहा, बिस्किटं, आणि दर पाच मिनिटांनी तेच वाक्य: ओटीपी कुणालाही सांगू नका. शेवटी मी उभं राहून विचारलं, “साहेब, नेटबँकिंगच्या लॉगिनला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपचा कोड चालेल, अशी सोय कधी देणार?” उत्तर मिळालं, “एसएमएस सगळ्यांना समजतो. आणि ग्राहकाने ओटीपी सांगितलाच नाही, तर काहीही होत नाही.”

यातलं शेवटचं वाक्य साफ चूक आहे. ऑडिटोरियमभर लोक माना डोलवत होते, म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण वाचा.

एसएमएसचा ओटीपी येतो कसा? बँकेचा सर्व्हर सहा आकडे तयार करतो, ते घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे जातात, तिथून मोबाईल कंपनीकडे, आणि मग तुमच्या नंबरवर. नीट बघा, तुमच्या फोनवर नाही, तुमच्या नंबरवर. तो नंबर या क्षणी कुठल्या सिममध्ये आहे, हे मोबाईल कंपनीचं कॉम्प्युटर ठरवतं. म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली अशा एका कंपनीच्या काउंटरवर ठेवलेली आहे, जिचा तुमच्या बँकेशी काही संबंध नाही.

आता समजा, कुणाकडे तुमच्या आधारची झेरॉक्स, जन्मतारीख आणि नेटबँकिंगचा पासवर्ड आहे. झेरॉक्स आपण कुठे कुठे देतो ते आठवा. तो माणूस गॅलरीत जातो, सिम हरवलं म्हणतो आणि काउंटरवरच्या पोराला गुंडाळून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम घेतो. तिकडे ते चालू झालं की इकडे तुमच्या फोनचं नेटवर्क जातं. आपण म्हणतो, टॉवरला काहीतरी झालं असेल, आणि झोपतो. त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. तुम्ही कुणाला काही सांगितलं? एक अक्षर नाही.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. सिम बदललं की पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, असा आदेश दूरसंचार विभागाने 2022 मध्येच काढला. आदेश चांगला आहे. पण तो का काढावा लागला, हे त्या व्यासपीठावरून कुणी सांगितलं नाही. आणि त्या 24 तासांचा उपयोग नेटवर्क गेल्याची शंका ज्याला वेळेत येते, त्यालाच.

दुसरा मार्ग आपल्याकडे जास्त चालतो. व्हॉट्सॲपवर एक फाईल येते, आरटीओचं चलान किंवा लग्नपत्रिका, आणि नावाच्या शेवटी .apk. ती इन्स्टॉल केली की मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि आपण ‘Allow’ दाबून मोकळे होतो. पुढे ते ॲप बँकेसारखं दिसणारं पान दाखवून कार्डाची माहिती घेतं आणि आलेला प्रत्येक ओटीपी गुपचूप पुढे पाठवतं. बँकेच्या नोंदीत मात्र सगळं चोख: माहिती बरोबर, ओटीपी बरोबर. मग शाखेत ऐकवलं जातं, “तुम्हीच कुणाला तरी दिला असणार.” अहो, रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे! ‘ओटीपी सांगू नका’ या घोषणेने तो भार अलगद ग्राहकाच्या डोक्यावर ठेवला.

आता ऑथेंटिकेटर. गूगल, मायक्रोसॉफ्ट, एजिस, कुठलंही घ्या, गणित एकच. सुरुवातीला तुम्ही जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एक प्रत तुमच्या फोनमध्ये आणि एक सर्व्हरवर राहते. त्यानंतर दोघं आपापल्या घड्याळात बघतात, 1970 च्या सुरुवातीपासून झालेले सेकंद 30 ने भागतात, आणि आलेला पूर्णांक त्या किल्लीशी घुसळून सहा आकडे काढतात. या पद्धतीच्या जाहीर मानकात चाचणीसाठी 12345678901234567890 ही किल्ली दिली आहे. घड्याळ 59 व्या सेकंदावर असेल तर भागाकार 1, आणि कोड येतो 287082. जगातल्या कुठल्याही ॲपने काढा, तोच येणार. 60 व्या सेकंदाला भागाकार 2 होतो आणि कोड बदलतो.

म्हणजे कोड कुणी पाठवतच नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा, आकडे बदलत राहतात. डुप्लिकेट सिम काढणाऱ्याला काय मिळणार? रिकामा इनबॉक्स.

हे फक्त गावाकडच्या भोळ्या माणसासाठी सांगतोय असं समजू नका. जून 2018 मध्ये रेडिटच्या काही कर्मचाऱ्यांची खाती फोडली गेली, तेव्हा त्या खात्यांना एसएमएसचंच दुसरं कुलूप होतं. मेसेज मध्येच पकडले गेले, हे कंपनीने स्वतः जाहीर केलं.

ऑथेंटिकेटर म्हणजे कवचकुंडलं नाहीत, हेही सांगतो. खोट्या वेबसाईटवर तुम्ही स्वतः पासवर्ड आणि कोड टाकलात, तर चोर तो त्याच क्षणी खऱ्या साईटवर वापरतो. इथे एसएमएस आणि ॲप सारखेच लंगडे. त्यावर उपाय पासकीचा, कारण ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही. फोनमध्ये घुसलेल्या ॲपला स्क्रीन वाचायची परवानगी दिली असेल, तर ऑथेंटिकेटरचा कोडही दिसू शकतो. आणि पैसे पाठवताना एसएमएसचा एक खरा फायदा आहे: किती रक्कम, कुणाला, हे त्यात लिहिलेलं असतं. ॲपच्या सहा आकड्यांत ते नसतं. म्हणून व्यवहाराचा मेसेज बंद करा असं मी म्हणत नाही. लॉगिनला पर्याय द्या, एवढंच म्हणतोय.

“लोकांना समजणार नाही” हे कारण तर सांगूच नका. झिरोधावर शेअर घेणारी पोरं रोज हाच कोड टाकतात. सरकारच्या एमआधार ॲपमध्येही दर 30 सेकंदांनी बदलणारा ओटीपी आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये डिजिटल पेमेंटचे जे नवे निर्देश काढले, त्यांत एसएमएसवर बंदी नाही, पण एसएमएसच हवा अशी सक्तीही नाही. मग अडलंय कुठे? त्या दिवशीच्या व्यासपीठावर याचं उत्तर नव्हतं.

बँक देईल तेव्हा देईल. तोवर आपलं जीमेल तरी आज हलवा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. गूगल खात्यात Security मध्ये 2-Step Verification उघडा, Authenticator जोडा. Backup codes कागदावर लिहून कपाटात ठेवा, नाहीतर फोन हरवला की तुम्हीच बाहेर. क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. कोड सारखा चुकीचा दाखवला तर फोनची वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा.

आणि एवढं झाल्यावर त्याच पानावर दुसऱ्या पायरीसाठी जो मोबाईल नंबर दिलाय, तो काढून टाका. इथेच बहुतेक जण थांबतात. नंबर तसाच राहिला तर डुप्लिकेट सिमवाला ॲपच्या कोडच्या नादी लागतच नाही. तो ‘Try another way’ दाबतो आणि एसएमएस मागवतो.