पिल्लं २८ दिवसांनी तोडायची की ४२? वराहपालनाचं गणित पहिल्या पंधरवड्यातच बिघडतंय

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला अनुदान आहे. १०० माद्या आणि १० नर असं युनिट उभं केलं तर ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये. शेळी-कोंबडीवाल्या आपल्या भागातही त्यामुळं डुकरांचे शेड दिसायला लागलेत. पण अनुदान शेडला आणि जनावरांना मिळतं. आईपासून पिल्लू तोडल्यावर पुढचे पंधरा दिवस जे होतं, ते निस्तरायला पैसे मिळत नाहीत. आणि नव्या लोकांचा तोटा बहुतेक वेळा तिथंच होतोय.

मुळात घाई कशाची? मादी ११४ दिवस गाभण राहते. पिल्लं २८ दिवसांनी तोडली आणि आठवडाभरात मादी माजावर आली, तर एक फेरा १४९ दिवसांचा होतो, म्हणजे वर्षाला साधारण २.४५ वेतं. ४२ दिवसांनी तोडली तर फेरा १६३ दिवसांचा आणि वेतं २.२४. एका वेताला ९ पिल्लं जगतात असं धरलं, तर पहिल्या हिशोबात वर्षाला २२ आणि दुसऱ्यात २० पिल्लं. म्हणजे लवकर तोडण्याचा सगळा फायदा एका मादीमागं वर्षाला दोन पिल्लांचा. आता लवकर तोडल्यामुळं दर वेताला एकच पिल्लू जास्त मेलं असं समजा. मग ८ गुणिले २.४५ म्हणजे साडेएकोणीस. फायदा संपला, उलट थोडं नुकसानच.

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडं गेल्या हिवाळ्यात नेमकं असंच झालं. नऊ पिल्लं २८ व्या दिवशी तोडली, वजन सरासरी साडेसहा किलो. त्याच दिवशी ती नव्या खोलीत हलवली, दुसऱ्या वेताच्या पिल्लांत मिसळली आणि मोठ्या डुकरांचाच मका-सोयापेंडीचा भरडा समोर टाकला. दोन दिवस पिल्लांनी तोंड लावलं नाही, नुसती भांडत राहिली. तिसऱ्या दिवशी भूक अनावर झाली, तेव्हा बकाबका खाल्लं. चौथ्या दिवशी शेपटीखाली ओलं दिसलं, पाचव्या दिवशी पिवळट पाण्यासारखी हगवण. दोन पिल्लं मेली. उरलेली सात जगली, पण तोडल्यानंतर बाराव्या दिवशी काट्यावर घातली तेव्हा वजन तेच, साडेसहा-सात किलो.

मेलेलं पिल्लू सगळ्यांना दिसतं, थांबलेलं वजन कुणी मोजत नाही. पिल्लू दहा दिवस मागं पडलं तर विक्रीच्या वजनाला यायला निदान तेवढे दिवस जास्त लागतात. तेव्हा ते मोठं जनावर रोज अडीच किलोच्या आसपास खातं. म्हणजे एका डुकरामागं २५ किलो खाद्य फुकट. आपापल्या खाद्याच्या दरानं गुणून बघा.

हे होतं का? लोक म्हणतात, जंतू झालेत. ते खरं आहे, पण अर्धंच. हगवण करणारा ई-कोलाय हा जंतू शेडमध्ये आणि पिल्लाच्या आतड्यात आधीपासून थोडाफार असतो. आईच्या दुधातून दर तासाला संरक्षण मिळत असतं, ते तोडल्या दिवशी एकदम बंद होतं. पिल्लाची स्वतःची ताकद अजून तयार व्हायची असते. दोन दिवस उपाशी राहिल्यानं आतड्याच्या आतलं मऊ केसाळ अस्तर झिजतं. तिसऱ्या दिवशी त्याच झिजलेल्या आतड्यात एकदम सोयापेंड येऊन पडते. ती पचत नाही आणि जंतूला मेजवानी होते. जंतूच्या विषामुळं शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, आणि पिल्लू मरतं ते मुख्यतः पाणी आटल्यामुळं. म्हणजे हगवण पाचव्या दिवशी दिसते, पण ती सुरू झालेली असते पहिल्या दिवशीच्या उपाशीपणात.

म्हणूनच खाद्यात अँटिबायोटिक टाकून हा प्रश्न सुटत नाही. कोलिस्टिन हे औषध पूर्वी याच कामाला सर्रास वापरायचे. माणसांवरचं शेवटच्या फळीचं औषध म्हणून जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ते खाण्यासाठी पाळायच्या जनावरांसाठी बंद केलं. कुणी ‘जुना माल आहे’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. युरोपात झिंक ऑक्साईडचा मोठा डोस देऊन हगवण रोखायचे, तेही जून २०२२ पासून बंद झालं. तिथं तर कायद्यानंच तोडायचं वय साधारण २८ दिवसांच्या खाली येत नाही. तेही गरम खोल्या आणि दूध पावडरचं खाद्य हाताशी असताना. आपल्याकडं रात्री दहा अंशांची थंडी, सिमेंटची ओली फरशी आणि घरचा भरडा. त्यामुळं ज्याच्याकडं पिल्लांचं वेगळं खाद्य आणि ऊब नाही, त्यानं ४० ते ४२ दिवस थांबावं असं माझं मत आहे. मादी मात्र तोवर खंगू देऊ नका, तिचा खुराक वाढवा, नाहीतर पुढचा माज लांबतो.

तयारी तोडायच्या दिवशी सुरू करून भागत नाही. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की मादीला पोचता येणार नाही अशा कोपऱ्यात चिमूटभर पिल्लांचं खाद्य ठेवायचं आणि रोज बदलायचं. शिळं झालेलं ते खात नाहीत. तोडताना पिल्लं हलवायची नाहीत, मादी हलवायची. जागा तीच, भावंडं तीच, खाद्य तेच. ते निदान दहा दिवस तसंच ठेवून मग भरडा थोडा थोडा मिसळायचा. पहिले दोन-तीन दिवस तेच खाद्य कोमट पाण्यात पातळ कालवून दिवसातून चार वेळा थोडं थोडं दिलं, की उपाशी राहणं टळतं आणि नंतरची अधाशी खादीही टळते. एक-दोन पिल्लांची पोटं आत गेलेली दिसली तर त्यांना वेगळं पाजा. पाण्याचं भांडं उथळ हवं. मोठ्या डुकरांच्या उंचीची तोटी असेल तर पिल्लू तहानेनंच अर्धमेलं होतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना २८ अंशांच्या आसपास ऊब लागते. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात: एकावर एक चढून झोपली तर थंडी, आडवी पसरून शेजारी झोपली तर ठीक. कोरडं गवत किंवा भुसा टाका, संध्याकाळी फरशी धुऊ नका.

हगवण लागलीच तर पाणी कधीच तोडू नका, खाद्य मात्र एक-दोन दिवस निम्मं करा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मेडिकलमधली ओआरएसची पुडी, दिवसभर समोर ठेवा. चमचा चहाचा. ज्याचे डोळे खोल गेलेत, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसत नाही, त्याला हातानं पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. हगवणीत रक्त दिसलं, पापण्या सुजून पिल्लू झोकांड्या खायला लागलं, किंवा धडधाकट पिल्लू अचानक मेलं तरीही थांबू नका. कोणतं औषध, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि पिल्लांबरोबर मोठ्या माद्याही तापानं बसल्या, कान-पोट लालसर जांभळं पडलं, तर ही तोडण्याची हगवण नव्हे. तो स्वाइन फीव्हर असू शकतो, २०२० पासून देशात आलेला आफ्रिकनही. त्या दिवशी एकही डुक्कर विकायचं नाही, बाहेर काढायचं नाही, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.