बाहेर पडण्याची वाट करारातच हवी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील ज्या घरांत पोर्तुगीज अमदानीतील जमिनीचे कागद जपून ठेवलेले आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. कागद आपल्या पेटीत असतो; पण तो वाचून घेण्यासाठी पोर्तुगीज जाणणाऱ्याचे दार ठोठवावे लागते. आपल्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या आणि डिचोली, तुये येथील कारखाने संगणकाच्या बाबतीत याच अवस्थेत सापडू शकतात, हे आम्ही त्यांच्या संचालकांच्या नजरेस आणू इच्छितो.

हिशेब, साठा, कर्ज, पगार हे सारे एकाच प्रणालीत चालविण्याच्या व्यवस्थेस ईआरपी म्हणतात. केंद्र सरकारने २०२२ च्या जूनमध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत गोव्याचाही समावेश आहे आणि संस्थांच्या जुन्या नोंदी नव्या समान प्रणालीत नेणे हे तिचे एक काम आहे. ज्या सोसायटीने त्यापूर्वीच एखाद्या खासगी पुरवठादाराची प्रणाली घेतली असेल, तिची खरी परीक्षा या कामी होते.

समजा, १,८०० सभासदांच्या एका सोसायटीने जुन्या पुरवठादाराकडे ‘आमची सर्व माहिती द्या’ अशी मागणी केली. तो वर्षअखेरच्या शिलकेचे छापील अहवाल पीडीएफमध्ये देतो. एका सभासदाच्या एक लाखाच्या कर्जापैकी ६२,००० बाकी, एवढे त्यातून कळते. हप्ते कोणत्या तारखांना आले, व्याजदर केव्हा बदलला, थकबाकी कधीपासून आणि जामीन कोण, हे कळत नाही. किंवा तो बॅकअपची फाईल हाती ठेवतो, जी त्याच्याच प्रणालीत उघडते. दोन्ही प्रसंगी ‘माहिती दिली’ असे त्याला म्हणता येते, कारण करारात ‘माहिती’ म्हणजे काय, हे लिहिलेले नसते.

करारात लिहावयाचे ते असे. सर्व तक्ते सीएसव्हीसारख्या कोणालाही उघडता येणाऱ्या स्वरूपात, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या टिपणासह, वर्षातून एकदा आणि करार संपताना, निराळे शुल्क न घेता मिळावेत. मिळाल्यावर ते त्रयस्थाकडून रिकाम्या प्रणालीत भरून पाहावेत. तेरीज जुळते का? सभासदवार कर्जबाकीची बेरीज खातेवहीतील कर्जाच्या रकमेइतकी येते का? मग वीस खाती निवडून व्याज पुन्हा काढावे. बेरीज जुळली आणि व्याज जुळले नाही, तर दर किंवा तारखा गाळल्या गेल्या आहेत, असे समजावे. ही चाचणी भांडण नसतानाच घ्यावी. भांडणात ती कोणी घेऊ देत नाही.

करार तुटतो तेव्हा काय होते, हा दुसरा प्रश्न. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या सेवा थांबविल्या. आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. वाद ईआरपीचा नव्हता, पण धडा तोच आहे. वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या कंपनीला न्यायालयाची पायरी चढता आली. आपल्या सोसायटीला ते कितपत झेपेल? मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून गोव्याने १९७५ मध्ये कायदा केला. संगणकप्रणालीच्या भाडेकरूला असे कवच नाही. त्याचे कवच त्याने सही केलेला कागद.

म्हणून ‘कोणत्याही वादात सेवा त्वरित बंद’ हे कलम मान्य करू नये. किमान नव्वद दिवसांची सूचना आणि त्यानंतर काही महिने जुन्या नोंदी केवळ पाहण्याची सोय असावी. कारखानदारांना तर हे अधिकच लागू आहे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, करार मात्र बहुधा तीन वा पाच वर्षांचे असतात. मधल्या वर्षांची पुस्तके उघडायची कशात, हे सही करणाऱ्याने विचारलेले नसते.

स्थलांतराचे काम जुन्या पुरवठादाराच्या माणसाविना होत नाही आणि तेव्हाच तो मनाला येईल तो दर सांगतो. त्याच्या माणसाचा दिवसाचा दर आणि किमान दिवस प्रारंभीच ठरलेले असावेत. अखेरच्या बिलाचा काही भाग वरील चाचणी उतरेपर्यंत रोखून धरावा. एक महिनाअखेर दोन्ही प्रणालींवर काढून पाहावी. यात कर्मचाऱ्यांना दुप्पट काम पडते हे खरे, आणि दोन माणसांच्या कार्यालयात ते सोपे नाही. त्यासाठी खरिपाच्या कर्जवाटपाचे आणि मार्चअखेरचे दिवस टाळावेत.

सहकारी संस्था निबंधकांनी या अटींचा एक नमुना करार मराठीत व कोंकणीत काढावा, अशी आमची मागणी आहे. तोवर ज्या संस्थांचा वार्षिक देखभालीचा करार नूतनीकरणास येत आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी पूर्ण माहितीची एक प्रत लेखी मागावी आणि पुरवठादार किती दिवसांत व कोणत्या स्वरूपात ती देतो, याची संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंद करावी.